सोबत चालणारं, न दिसणारं कोणीतरी

माणसाच्या सोबत एक न दिसणारं कोणीतरी असतं, ही कल्पना इतक्या धर्मांत आणि इतक्या वेगवेगळ्या काळांत सापडते, की तिला नुसतं 'थोतांड' म्हणून बाजूला सारणं मला आळशीपणाचं वाटतं. कॅथलिक परंपरेत प्रत्येकाला एक रक्षक देवदूत असतो आणि २ ऑक्टोबर हा त्यांचा सण. इस्लाममध्ये प्रत्येकाची बरी-वाईट कृत्यं लिहून ठेवणारे दोन फरिश्ते मानतात. झरथुष्ट्री परंपरेत फ्रवशी नावाचे रक्षक आत्मे आहेत. सॉक्रेटिस सांगायचा, की लहानपणापासून आपल्याला एक आतला आवाज ऐकू येतो आणि तो फक्त 'हे करू नकोस' एवढंच सांगतो, 'हे कर' असं कधीच नाही. तुकोबांना विठ्ठल हात धरून चालवणारा सांगाती वाटतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आणि युरोपात मृतात्म्यांशी बोलण्याची लाट आली, तेव्हा बहुतेक माध्यमांचा, म्हणजे मृतात्मे ज्यांच्या तोंडून बोलतात असं मानत त्या माणसांचा, स्वतःचा एक 'मार्गदर्शक आत्मा' असे. आजचे 'स्पिरिट गाइड' त्याच वळणाने आले आहेत.

या सगळ्यांची तत्त्वज्ञानं वेगळी आहेत, त्यामुळे 'सगळे एकच सांगतात' असं मी म्हणणार नाही. तरी एक सूत्र दिसतं. ही मंडळी ढगांपलीकडच्या दूरच्या देवांसारखी नाहीत. ती शेजारी असतात, खांद्यामागे असतात, आपल्याबरोबर चालतात. संशयवादी माणसाने विचार इथून सुरू करावा असं मला वाटतं. 'देवदूत असतात का?' हा प्रश्न इतका मोठा आहे की त्यावर कोणीही काहीही बोलू शकतो. 'शेजारी कोणीतरी आहे असं माणसाला नेमकं कधी आणि कसं वाटतं?' हा प्रश्न मात्र तपासता येतो, आणि त्याबद्दल आपल्याला आता बरंच माहीत आहे.

एक प्रसंग नीट पाहू. १९३३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत फ्रँक स्माइथ हा इंग्रज गिर्यारोहक शेवटच्या टप्प्यावर एकटा पडला. त्याचा जोडीदार एरिक शिप्टन तब्येत साथ देईना म्हणून मागे फिरला होता. स्माइथ कृत्रिम ऑक्सिजनशिवाय सुमारे साडेआठ हजार मीटरपर्यंत पोहोचला, आणि तिथून त्यालाही परतावं लागलं. या सगळ्या वेळात त्याला आपल्याबरोबर दुसरा एक माणूस आहे असं वाटत होतं. ही जाणीव इतकी पक्की होती की एकटेपणा वाटेनासा झाला. आपण त्याच्याशी दोराने बांधलेले आहोत आणि घसरलो तर तो सावरेल, असंही त्याला वाटलं. एका जागी तो थांबला, खिशातून पुदिन्याच्या गोडीची वडी काढली, तिचे दोन तुकडे केले आणि अर्धा तुकडा हातात धरून सोबत्याला द्यायला वळला. तिथे कोणीच नव्हतं.

स्माइथने हे सगळं मोहिमेनंतर स्वतः लिहून ठेवलं. त्याच उतारावर त्याला आकाशात तरंगणाऱ्या दोन काळ्या आकृतीही दिसल्या. आपलं डोकं ठिकाणावर आहे का, हे पाहण्यासाठी त्याने नजर दुसरीकडे वळवली आणि आसपासची शिखरं, दऱ्या, हिमनद्या नावानिशी ओळखून पाहिल्या. त्या बरोबर ओळखता आल्या. परत पाहिलं तर आकृती तिथेच. माणूस बुद्धीने पूर्ण शुद्धीत आहे, आणि तरीही जे नाही ते त्याला दिसतंय, जाणवतंय. 'वेडा होता', 'खोटं बोलत होता' ही दोन सोपी उत्तरं इथे लागू पडत नाहीत. पुढे आपला तंबू नजरेत आला, आणि त्या सोबत्याशी असलेला धागा तुटल्यासारखा झाला.

यापेक्षा प्रसिद्ध गोष्ट अंटार्क्टिकाच्या मोहिमा काढणाऱ्या अर्नेस्ट शॅकल्टनची आहे. १९१६ च्या मे महिन्यात शॅकल्टन, फ्रँक वर्स्ली आणि टॉम क्रीन या तिघांनी दक्षिण जॉर्जिया बेटाचे बर्फाळ डोंगर छत्तीस तासांत पायी ओलांडले. त्याआधी उघड्या होडीतून सोळा दिवस ते दक्षिणेच्या समुद्रात होते. शॅकल्टनने पुढे लिहिलं, की त्या चालीत आपण तीन नसून चार आहोत असं मला वारंवार वाटत होतं. तेव्हा तो सोबत्यांशी काही बोलला नाही. नंतर वर्स्ली आपणहून म्हणाला, की आपल्याबरोबर आणखी कोणीतरी होतं असं वाटलं. मग क्रीननेही तेच सांगितलं. शॅकल्टनला त्यात ईश्वराचा हात दिसला.

तिघांनाही एकच वाटलं, मग तो भास कसा? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर झटकून देण्यासारखं नाही. दोन गोष्टी मात्र ध्यानात घ्याव्या लागतात. तिघांची शरीरं एकाच अवस्थेतून गेली होती: थंडी, उपासमार, झोप नाही, आणि तासन् तास तेच पांढरं दृश्य. सारख्या कारणांनी सारखा अनुभव येणं शक्य आहे. दुसरी गोष्ट सांगण्याच्या क्रमाची. एकाने तोंड उघडलं, मग दुसऱ्याने दुजोरा दिला. कोणीही त्या रात्रीच, दुसऱ्याचं ऐकण्याआधी, आपलं आपण लिहून ठेवलं नव्हतं. कोणी खोटं बोललं असं मला अजिबात सुचवायचं नाही. आठवण बोलता बोलता घडत जाते, आणि साक्षींची संख्या मोजताना त्या एकमेकींपासून किती स्वतंत्र आहेत हे पाहावंच लागतं.

आता प्रयोगशाळेत येऊ. २००६ मध्ये शहार आर्झी, ओलाफ ब्लँके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात एक छोटा अहवाल छापला. बावीस वर्षांच्या एका तरुणीला फिट्स येत असत आणि शस्त्रक्रियेआधी तिच्या मेंदूची तपासणी चालू होती. अशा तपासणीत मेंदूच्या पृष्ठभागावर बारीक तारा ठेवतात आणि सौम्य विद्युतप्रवाह देऊन कुठला भाग काय करतो हे पाहतात. डाव्या बाजूला, कानाच्या थोडं वर आणि मागे, एका विशिष्ट जागी प्रवाह दिला की तिला आपल्या मागे कोणीतरी आहे असं वाटे.

पुढचे तपशील महत्त्वाचे आहेत. ती पाठीवर झोपलेली असताना तिला वाटलं, की आपल्या पाठीखाली कोणीतरी सावलीसारखं पडलंय, तरुण आहे, बोलत नाही. तिला बसवून गुडघ्यांना मिठी मारायला सांगितलं, तर 'तो'ही बसला आणि त्याने मागून तिला कवेत घेतलं. हा अनुभव तिला नकोसा वाटला. मग तिच्या उजव्या हातात एक कार्ड देऊन ते वाचायला सांगितलं. आता 'तो' उजव्या बाजूला मागे बसला होता आणि कार्ड हिसकावू पाहत होता. मी वाचू नये अशी त्याची इच्छा आहे, असं ती म्हणाली. ती सावली दर वेळी तिचीच बैठक घेत होती. संशोधकांना ते कळलं. 'तो' कोणी दुसरा नाही, हे तिच्या मात्र लक्षात आलं नाही.

मेंदूचा हा भाग स्पर्श, तोल, दृष्टी आणि सांध्यांकडून येणाऱ्या खबरा एकत्र करतो. 'मी इथे आहे आणि माझं शरीर असं आहे' ही जाणीव आपल्याला आयती मिळत नाही. मेंदू ती क्षणोक्षणी तयार करतो. त्यात मेंदूचा एक अंदाजही असतो: मी हात हलवला, तर आता अमुक ठिकाणी अमुक स्पर्श जाणवेल. अंदाज आणि प्रत्यक्ष जुळले की मेंदू म्हणतो, 'हे मीच केलं.' म्हणूनच स्वतःला गुदगुल्या होत नाहीत. हे जुळणं बिघडलं, की स्वतःच्याच शरीराची खबर परक्याची म्हणून नोंदली जाऊ शकते.

ब्लँकेच्या गटाने २०१४ मध्ये हा तर्क निरोगी माणसांवर तपासला. डोळे बांधलेला माणूस समोरच्या यंत्रात बोट घालून ते पुढेमागे हलवतो, आणि त्याच्या पाठीमागचा यंत्राचा हात अगदी तशाच हालचालीने त्याच्या पाठीला स्पर्श करतो. दोन्ही एकाच क्षणी झालं तर 'मीच माझ्या पाठीला हात लावतोय' असं चमत्कारिक वाटतं, पण घाबरण्यासारखं काही नसतं. मग त्यांनी मागचा स्पर्श अर्ध्या सेकंदाने उशिरा होईल अशी व्यवस्था केली. आता काही जणांना मागे कोणीतरी उभं असल्याची स्पष्ट जाणीव झाली, आणि दोघांनी प्रयोग थांबवायला सांगितलं. ही माणसं दमलेली नव्हती, आजारी नव्हती, आणि आपण यंत्राला जोडलेले आहोत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अर्ध्या सेकंदाचा उशीर पुरेसा ठरला.

स्माइथच्या मेंदूला त्या उंचीवर मोजकाच प्राणवायू मिळत होता, त्याची पावलं यंत्रवत एकामागून एक पडत होती, आणि चहूकडे नजर ठरेल असं फारसं काही नव्हतं. शरीराच्या खबरा विस्कळीत व्हायला हे पुरेसं आहे. त्याच्या डोक्यात नेमकं काय घडलं हे आज कोणी मोजू शकत नाही. पण त्याचा सोबती त्याच्याबरोबर चालत होता, आणि तंबू दिसताच, म्हणजे एकटेपणा आणि अनिश्चितता संपताच, निघून गेला. हे वर्णन या यंत्रणेशी चांगलं जुळतं.

मग कोणाला देवदूत, कोणाला पितर, कोणाला सैतान का जाणवतो? कारण मुळात जाणवतं ते फार थोडं असतं: कोणीतरी आहे, या बाजूला आहे, याचा रोख असा आहे. बहुतेक वेळा चेहरा नसतो, नाव नसतं. ते आपण आपल्या परंपरेतून भरतो. हीच जाणीव झोपेतून अर्धवट जागं झाल्यावर, शरीर लुळं पडलेलं असताना आली तर भयानक वाटते आणि छातीवर बसणाऱ्या भुताच्या कथा तिथून येतात. संकटात, कोणीतरी हवंच असताना आली, तर ती रक्षक वाटते.

इथे संशयवाद्यांच्या एका घाईबद्दल बोललं पाहिजे. 'मेंदूत तार लावून हा अनुभव निर्माण करता येतो, म्हणून देवदूत नाहीत' हे अनुमान चुकीचं आहे. तार लावून प्रकाशाचा झोतही दाखवता येतो, त्यावरून प्रकाश नाही असं ठरत नाही. प्रयोगांनी सिद्ध होतं ते इतकंच, की शेजारी कोणीतरी असल्याची जाणीव व्हायला शेजारी कोणी असावं लागत नाही. त्यामुळे नुसती जाणीव हा पुरावा म्हणून अपुरा ठरतो. श्रद्धाळू माणूस म्हणेल, देव याच यंत्रणेतून भेटतो. त्याला मी खोडून काढू शकत नाही, आणि तसा आव आणणंही बरं नाही.

या अनुभवाला आजार समजण्याची घाईही तितकीच वाईट. वेल्समधले डॉक्टर ड्यूई रीस यांनी जोडीदार गमावलेल्या २९३ जणांशी बोलून १९७१ मध्ये आपली पाहणी छापली. त्यांतल्या सुमारे ३९ टक्के लोकांना गेलेला जोडीदार आसपास असल्याचं जाणवलं होतं. काहींना तो दिसला, काहींना आवाज ऐकू आला. बहुतेकांना त्याचा आधारच वाटला, आणि बहुतेकांनी रीस यांनी विचारेपर्यंत ही गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती. माझ्या मते त्या पाहणीत टक्केवारीपेक्षा ही शेवटची गोष्ट मोठी आहे. लोक हसतील या भीतीने माणसं आपला सगळ्यात जवळचा अनुभव दाबून ठेवतात.

काही वेळा मात्र अनुभवाआधी गोष्टच जन्माला येते. पहिल्या महायुद्धात मॉन्सच्या लढाईत देवदूतांनी ब्रिटिश सैन्याला वाचवलं, ही दंतकथा त्यातली. २९ सप्टेंबर १९१४ रोजी आर्थर मॅकेन या लेखकाची एक काल्पनिक कथा लंडनच्या वृत्तपत्रात आली. तिच्यात जुन्या काळचे धनुर्धारी सैनिकांच्या मदतीला येतात. पुढच्या वर्षी त्या धनुर्धाऱ्यांचे देवदूत झाले आणि 'ओळखीच्या एका अधिकाऱ्याने सांगितलं' अशा साक्षी सगळीकडे फिरू लागल्या. हे मी रचलंय, असं मॅकेन परोपरीने सांगत राहिला, पण लोक ऐकेनात. इथे मेंदूचा अभ्यास उपयोगाचा नाही. तारखा लावून पाहायच्या, आणि प्रत्यक्ष पाहणारा कोणी नावानिशी सापडतो का ते शोधायचं.

सगळ्यात अवघड प्रकार तो, जिथे अदृश्य सोबती बोलतो आणि माहिती देतो. इथे तपासणी कशी होते हे समजून घ्यायचं तर बोस्टनच्या लिओनोरा पायपर या माध्यम बाईंइतकं चांगलं उदाहरण नाही. विल्यम जेम्स हा मोठा मानसशास्त्रज्ञ १८८५ मध्ये त्यांच्याकडे पहिल्यांदा गेला. पायपर समाधीसारख्या अवस्थेत जात आणि त्यांच्या तोंडून 'डॉक्टर फिन्विट' नावाचा आत्मा बोलू लागे. समोरच्या माणसाच्या घरच्या खाजगी गोष्टी तो कधी कधी थक्क करतील अशा अचूक सांगे. जेम्सला त्यात काहीतरी खरं आहे असं वाटत राहिलं. रिचर्ड हॉजसन या संशोधकाने तर पायपर दांपत्यावर खाजगी गुप्तहेर लावले. त्या गुपचूप माहिती गोळा करतात असं काही आढळलं नाही. म्हणजे सरळसरळ लबाडी म्हणून हा विषय मिटत नव्हता.

पण माहिती कुठून येते आणि देणारा कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. फिन्विट म्हणे, मी फ्रेंच डॉक्टर होतो. त्याच्याशी फ्रेंचमध्ये बोलू गेलं तर तो पुढे जाऊ शकत नसे. वैद्यकीचं ज्ञानही बेताचंच. त्याने सांगितलेल्या आयुष्याचा माग काढला तर असा माणूस कुठल्याच नोंदीत मिळेना.

हॉजसन १९०५ मध्ये वारला, आणि काही काळाने पायपर यांच्या तोंडून 'हॉजसन' बोलू लागला. १९०९ मध्ये जी. स्टॅनली हॉल आणि एमी टॅनर या मानसशास्त्रज्ञांनी त्याची एक साधी परीक्षा घेतली. हॉलने आपल्या मेलेल्या पुतणीला, बेसी बील्सला, बोलवायला सांगितलं. 'हॉजसन'ने तिला आणलं आणि ती बोललीही. अशी पुतणी कधी नव्हतीच. हॉलने ते नाव मनाने रचलं होतं. हे तोंडावर सांगितल्यावर आधी बेसी आहेच असा आग्रह झाला, मग माझी गफलत झाली, ती दुसऱ्या कोणाची नातेवाईक होती, अशी सारवासारव आली.

या परीक्षेची ताकद तिच्या रचनेत आहे. माध्यमाने दहा बरोबर गोष्टी सांगितल्या तरी त्या कशा कळल्या याची अनेक कारणं असू शकतात: बसणाऱ्याचा चेहरा, त्याने नकळत दिलेले दुवे, मोघम विधानं, आधी ऐकलेलं काही. नसलेला माणूस हजर झाला, तर मात्र निदान त्या वेळी बोलणारा आत्मा परलोकात जाऊन कोणाला आणत नव्हता, हे पक्कं होतं. १९१५ मध्ये अशा दाव्यांच्या अभ्यासक एलिनॉर सिजविक यांनी पायपर यांच्या नोंदींचा प्रदीर्घ अभ्यास करून निष्कर्ष काढला, की हे 'मार्गदर्शक' पायपर यांच्याच मनाचे वेगवेगळे आविष्कार आहेत. गंमत नव्हे, खरोखर लक्षात घ्यावी अशी बाब म्हणजे सिजविक विचारसंक्रमणावर, म्हणजे एका मनातला विचार थेट दुसऱ्या मनात जातो यावर, विश्वास ठेवणाऱ्या होत्या. तरीही मार्गदर्शक आत्मे त्यांना पटले नाहीत. पायपर स्वतः लबाड होत्या, असंही यातून ठरत नाही. माणसाचं मन स्वतःच्या नकळत दुसरं पात्र उभं करू शकतं आणि प्रामाणिकपणे त्याच्या आवाजात बोलू शकतं.

म्हणून कोणी 'माझ्यासोबत कोणीतरी होतं' असं सांगितलं, तर मी आधी पूर्ण ऐकून घेतो. मग विचारतो: किती तास झोप झाली होती, एकटे होता का, ते कुठल्या बाजूला होतं, तुम्ही हललात तेव्हा तेही हललं का, हे सगळ्यात आधी कोणाला आणि कधी सांगितलंत? त्या सोबत्याने काही माहिती दिली असेल, तर ती खरी ठरण्याआधी कुठे लिहून ठेवली होती का, हेही विचारतो. मधे तिसरा माणूस असेल, आणि त्या अदृश्य मार्गदर्शकाचं म्हणणं फक्त त्याच्यामार्फतच कळत असेल, तर बेसी बील्सची परीक्षा आजही घेता येते.

आणि काही वेळा प्रश्न श्रद्धेचा नसतोच. सोबती हुकूम सोडू लागला, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगू लागला, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला एक दिवसही लावू नये. उतारवयात मागे किंवा बाजूला कोणीतरी उभं असल्याचं नव्याने आणि वारंवार वाटू लागलं, तर ते मेंदूच्या डॉक्टरांना जरूर सांगावं. पार्किन्सन्समध्ये ही जाणीव बऱ्याच रुग्णांना होते, काहींना तर ठळक भास सुरू होण्याच्या कितीतरी आधी. डॉक्टरांनी विचारलं नाही तर रुग्ण ती बहुधा आपणहून सांगत नाहीत.